खरेदी विभागाला ‘साहेब’, फाउंडरला नावाने

भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारं एक छोटं वर्कशॉप धरून चालू. लेझर कटिंग बाहेरून करून आणायचं. बेंडिंग, वेल्डिंग आणि पावडर कोटिंगआधीची सफाई आत. दहा-बारा कामगार, मालकांनी पन्नाशी ओलांडलेली, हिशेब आणि ईमेल मुलगी बघते. या वर्कशॉपची दोन गिऱ्हाइकं. एक जुनी, यंत्रसामग्री बनवणारी मोठी कंपनी. तिला ब्रॅकेट लागतात. दुसरी बाणेरमधली पंचवीस माणसांची स्टार्टअप. ती इलेक्ट्रिक दुचाकींसाठी बॅटरी पॅक बनवते आणि तिला त्या पॅकचे पत्र्याचे डबे लागतात. उदाहरण कल्पनेतलं आहे, पण पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अशी दोन टोकांची गिऱ्हाइकं सांभाळणारे लघुउद्योजक मी बरीच वर्षं पाहतो आहे, त्यांची पत्रं वाचतो आहे. त्यांचं काम चोख असतं. अडतं ते पत्राच्या सुरापाशी.

मोठ्या कंपनीला लिहिताना ते इतके वाकतात की मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात सापडतो. स्टार्टअपला लिहिताना एकतर तेच जड पत्र पाठवतात, किंवा एकदम मोकळे होऊन सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर नेतात. दोन्हीकडे नुकसान होतं आणि ते रुपयांत मोजता येतं. सूर कसा निवडायचा हे ठरवताना बहुतेक जण कंपनीचं वय आणि थाट बघतात. माझ्या मते बघायचं असतं ते दुसरंच: आपलं पत्र किती हातांतून जाणार आहे.

मोठ्या कंपनीत काय होतं ते पाहू. पत्र जातं खरेदी विभागातल्या बायरकडे. तिथे पत्र्याच्या कामाचा बायर वेगळा, कास्टिंगचा वेगळा, प्लास्टिकचा वेगळा. पत्र आवडलं तरी तो एकटा काही ठरवू शकत नाही. तो ते आपल्या साहेबांना पुढे पाठवतो, पुरवठादारांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाला प्रत देतो. तिथला इंजिनिअर वर्कशॉप बघून जातो. मग व्हेंडर कोड मिळतो, आणि तो मिळाल्याशिवाय संगणक ऑर्डरच काढू देत नाही. या वाटेवर पाच-सहा माणसं ते पत्र वाचतात आणि त्यांतल्या चौघांनी तुमचा आवाज फोनवरही ऐकलेला नसतो. वर्षभरात बायरची बदली होते, त्याच्या जागी आलेला माणूस जुने मेल चाळत बसतो. अशा ठिकाणी पत्र म्हणजे कागदपत्र. अनोळखी माणसाला ते कुठलाही मागचा संदर्भ नसताना कळलं पाहिजे, आणि साहेबांकडे पुढे पाठवताना बायरला अवघडल्यासारखं होता कामा नये. तिथला औपचारिक सूर या गरजेतून आलेला आहे. ‘काल चहा घेताना बोललो तसं’ असं वाक्य त्या पत्रात असेल, तर बायर ते पुढे पाठवणारच नाही.

स्टार्टअपमध्ये पत्र फाउंडर वाचतो, नाहीतर ऑपरेशन्स बघणारा एकजण. तोही बहुतेक वेळा फोनवर, दोन मीटिंगांच्या मधे. निर्णय त्याचाच. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: हा माणूस माझं काम करू शकेल का, आणि याच्याशी बोलणं सोपं आहे का. त्याचं ड्रॉइंग आठवड्यात दोनदा बदलणार आहे, त्याला पाच नग परवा हवे आहेत. ‘आदरणीय महोदय, आपल्या सेवेशी सविनय’ असं पत्र आलं की त्याला वाटतं, इथे प्रत्येक बदलासाठी अर्ज करावा लागेल. त्यात अपमान काही नाही. पण हा माणूस हळू चालणारा आहे असा संदेश त्यातून जातो, आणि त्याच्या दृष्टीने हळू चालणं हाच मोठा दोष.

आपल्याकडे या सगळ्यात वयाची एक गाठ आणखी असते. बाणेरचा फाउंडर सत्तावीस वर्षांचा. तो वर्कशॉपच्या मालकांना फोनवर ‘काका’ म्हणतो, ते त्याला नावाने हाक मारतात. मोठ्या कंपनीतला बायर तिशीचा, म्हणजे वयाने जवळपास तेवढाच. त्याला मात्र तेच काका ‘साहेब’ म्हणतात आणि अहो-जाहो करतात. दोन्ही ठिकाणी काम देणारा तरुण आणि काम घेणारा वडीलधारा, तरी संबोधन वेगळं. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 साली युरोपातल्या भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवलं की संबोधन दोन गोष्टींवर ठरतं: कोणाच्या हाती सत्ता आहे आणि दोघांत जवळीक किती आहे. मोठ्या कंपनीत बायरच्या खुर्चीची सत्ता बोलते. स्टार्टअपमध्ये फाउंडर ‘काका’ म्हणून जवळीक पुढे करतो, कारण त्यालाही या वर्कशॉपची गरज आहे. पाच नगांच्या ऑर्डरला मोठे पुरवठादार दारातही उभं करत नाहीत.

पुढे पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी विनयशील बोलण्याचा जो सिद्धांत मांडला, त्यात आणखी एक गोष्ट आली: मागणी केवढी आहे. अंतर, सत्ता आणि मागणीचं वजन, या तिन्हींवर सूर ठरतो. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना उपजत कळतात; तिसरी मात्र विसरली जाते. ड्रॉइंगमधलं एक माप विचारायचं असेल तर मोठ्या कंपनीच्या बायरलाही दोन ओळींचा साधा मेल पुरतो. आणि दरवाढ मागायची असेल तर रोज ‘काका’ म्हणणाऱ्या फाउंडरलाही लेटरहेडवरच लिहायला हवं.

आता पहिलं पत्र, म्हणजे ओळख करून देणारं. असली पत्रं बहुतेक वेळा इंग्रजीत जातात. इथे त्यांचा ऐवज मराठीत देतो. मोठ्या कंपनीला जाणाऱ्या पत्राचा विषय असा: ‘शीटमेटल पार्टसाठी पुरवठादार नोंदणी: भोसरी, 2 मि.मी. ते 6 मि.मी. जाडी’. बायरच्या मेलबॉक्समध्ये रोज ‘कंपनी प्रोफाइल’ नावाचे मेल येऊन पडतात. जाडीचा आकडा दिसला की आपल्या कामाचं काय ते त्याला उघडण्याआधीच कळतं. पत्र असं:

‘माननीय महोदय, आम्ही भोसरी एमआयडीसीत शीटमेटल पार्टचं उत्पादन करतो. आपल्या विभागाला लागणाऱ्या ब्रॅकेट आणि कव्हरच्या कामासाठी पुरवठादार म्हणून नोंदणी व्हावी, अशी विनंती आहे. 2 ते 6 मि.मी. जाडीच्या सौम्य पोलादी पत्र्याचं बेंडिंग व वेल्डिंग आमच्याकडे होतं. लेझर कटिंग ठरलेल्या भागीदाराकडून करून घेतो. यंत्रांची यादी, जीएसटी व उद्यम नोंदणीची प्रमाणपत्रं आणि सध्याच्या ग्राहकांची यादी सोबत जोडली आहे. आपल्या गुणवत्ता विभागाने वर्कशॉपला भेट द्यायची असल्यास कामाच्या कोणत्याही दिवशी आम्ही तयार आहोत.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता, फोन.

यात आदर आहे, पण लोटांगण नाही. ‘आपल्या कृपादृष्टीच्या प्रतीक्षेत’ आणि ‘कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही जुन्या कचेऱ्यांतून उतरलेली वाक्यं गाळली आहेत, कारण योग्य ती कार्यवाही कोणती, हे बायरला त्यातून कळत नाही. इथे नेमकं काय हवं तेच सांगितलं आहे: नोंदणी आणि भेट. लेझर कटिंग बाहेर होतं हेही पहिल्याच पत्रात आलं आहे. भेटीला आलेल्या इंजिनिअरला ते दिसणारच. आधी सांगितलं असेल तर तो त्याची नोंद करतो, लपवलं असेल तर शेरा मारतो.

बायरचं नाव माहीत असेल तर ‘महोदय’ऐवजी आडनाव घ्यावं, पण पहिल्या नावाने सुरुवात करू नये. स्त्री अधिकारी असेल तर ‘डिअर सर’ अशी छापील सुरुवात जाणार नाही याची काळजी घ्यावी. ही चूक मी इतक्या पत्रांत पाहिली आहे की तिचा वेगळा उल्लेख करावासा वाटतो. खरेदी खात्यात आज बऱ्याच स्त्रिया निर्णयाच्या जागी आहेत आणि ‘सर’ वाचल्यावर पुढचं पत्र त्या कोणत्या मनाने वाचत असतील, याचा विचार करावा.

तेच वर्कशॉप स्टार्टअपला लिहितं ते असं. विषय: ‘बॅटरीचे डबे: 5 नग, 4 दिवसांत, भोसरीहून’. आणि मजकूर:

‘नमस्कार (पुढे फाउंडरचं पहिलं नाव), तुमच्या वेबसाइटवर बॅटरी पॅकचा फोटो पाहिला. डब्याच्या कोपऱ्यावर वेल्डची रेघ बाहेरून दिसते आहे; तो जोड बेंडमध्ये नेला तर घासकाम वाचेल आणि पाणी आत जायची जागाही कमी होईल. आमचं भोसरीत शीटमेटलचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग पाठवलंत तर दर आणि दिवस उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो. नमुन्यासाठी 5 नगही करतो. एकदा येऊन बघायचं असेल तर शनिवारी सकाळी वर्कशॉपवर आहे.’ खाली नाव आणि मोबाइल नंबर.

प्रमाणपत्रांची यादी यात नाही. मागतील तेव्हा द्यावी. त्याऐवजी त्यांच्या मालाकडे नीट पाहिल्याचा पुरावा आहे. मैत्रीचा सूर म्हणतात तो इथे वेल्डच्या त्या वाक्यात आहे. कामाबद्दल बरोबरीच्या माणसासारखं बोलण्यात आहे. ‘हाय डिअर’, तीन उद्गारचिन्हं आणि हसऱ्या चेहऱ्यांची माळ यांनी तो येत नाही. पन्नाशीच्या माणसाने तरुण दिसण्यासाठी तरुणांची बोली उसनी घेतली की ती लगेच ओळखू येते. मराठीत लिहीत असाल तर ‘तुम्ही’ धरून राहावं. ‘आपण’ जरा लांबचं वाटतं, आणि ‘तू’ वर फाउंडरने स्वतः आणल्याशिवाय जाऊ नये, मग तो मुलाच्या वयाचा का असेना. फोनवर एकेरी बोलणं झालं तरी लेखी ‘तुम्ही’च बरं, कारण ते पत्र उद्या त्याचा अकाउंटंट वाचणार आहे.

आता मोकळ्या सुराचा धोका. काम सुरू होतं आणि सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर सरकतं. रात्री साडेनऊला निरोप येतो: ‘काका, वरच्या झाकणाची भोकं 5.5 ऐवजी 6.5 करूया, बोल्ट बदलला.’ काका अंगठा दाखवतात आणि सकाळी काम सुरू करतात. चाळीस डबे जातात. मग स्टार्टअपमधला दुसरा इंजिनिअर, ज्याच्याकडे जुनंच ड्रॉइंग आहे, माल नापास करतो. कोणीही खोटं बोलत नसतं. फाउंडरला तो निरोप खालच्या झाकणासाठी होता असं प्रामाणिकपणे वाटत असतं आणि त्याच्या आधीच्या दोन निरोपांत झाकणांविषयी खरंच गोंधळ असतो.

यावर उपाय सूर बदलणं नाही. फाउंडरला एकदम ‘महोदय’ लिहिलं तर तो दचकेल. सूर तोच ठेवून मजकूर काटेकोर करायचा. व्हॉट्सॲपवर बदल आला की त्याच रात्री, नाहीतर काम सुरू होण्यापूर्वी, ईमेलवर तीन ओळी: ‘नमस्कार, आत्ताच्या बोलण्याप्रमाणे वरच्या झाकणाची चारही भोकं 6.5 मि.मी. करतो आहे, खालचं झाकण आहे तसंच. ड्रॉइंगची आवृत्ती सी धरली आहे. सकाळी 10 पर्यंत तुमचं हो आलं की कटिंगला टाकतो.’ ‘धरली आहे’ आणि ‘तुमचं हो आलं की’ या शब्दांत कसलाही अविश्वास नाही, आणि तरी जबाबदारी कोणावर ते स्पष्ट आहे. बहुतेक तरुण फाउंडर अशा मेलला दोन मिनिटांत ‘हो’ म्हणतात. माझा अनुभव असा की त्यांना हे आवडतं. त्यांच्या स्वतःच्या घरात नोंदी ठेवणारं कोणी नसतं.

मोठ्या कंपनीत हा धोका कमी, कारण ड्रॉइंगच्या बदलाचा कागद निघाल्याशिवाय तिथे काही हलत नाही. तिथे धोका असतो तो ‘प्रत’ या रकान्यात. अडचण आली की थेट बायरच्या साहेबांना प्रत टाकण्याचा मोह होतो. बायर ते तक्रार म्हणूनच वाचतो, मग मजकूर कितीही नम्र असो. पहिला मेल एकट्या बायरला, दुसरा त्याच धाग्यावर त्यालाच, आणि तिसऱ्या वेळी वरिष्ठांना प्रत, तीही ‘तुमच्या माहितीसाठी साहेबांना प्रत देतो आहे’ असं उघड सांगून. मोठ्या संस्थेत सूर शब्दांइतकाच या नावांच्या यादीतून ऐकू येतो.

आणि आता सगळ्यांत अवघड पत्र: बिलाचे पैसे मागण्याचं. इथे कायदा आधी माहीत हवा, कारण तो दोन्ही गिऱ्हाइकांना सारखाच लागू आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006च्या कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे ठरवताच येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर मुदत 15 दिवसांची. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं मानलं जातं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2023च्या अर्थसंकल्पाने आयकरात बदल केला: सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजावटीस पात्र ठरतो. मार्च जवळ आला की खरेदीदाराचे हिशेबनीस म्हणूनच या बिलांबाबत सावध असतात.

आपल्या वर्कशॉपने 4 जूनला दोन्हीकडे माल पाठवला. मोठ्या कंपनीला 600 ब्रॅकेट, दर 185 रुपये. 18 टक्के जीएसटी धरून बिल 1,30,980 रुपयांचं. स्टार्टअपला 40 डबे, दर 2,750 रुपये. बिल 1,29,800 रुपयांचं. दोन्हीकडे मुदत लेखी ठरलेली, 30 दिवसांची. 10 जुलै उजाडला आणि दोन्ही बिलं बाकी. रक्कम जवळजवळ सारखी, उशीर सारखा. पत्रं मात्र वेगळी, कारण पैसे अडण्याची कारणं वेगळी.

मोठ्या कंपनीत पैसे नसतात म्हणून बिल क्वचितच अडतं. ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, हे तीन कागद संगणकावर जुळावे लागतात. एक आकडा चुकला की बिल आपोआप थांबतं आणि कोणीही तुम्हाला कळवत नाही. आपल्या उदाहरणात तपासणीत 6 ब्रॅकेट नापास झाले आहेत. माल मिळाल्याची नोंद 594 नगांची, बिल 600 चं. अशा वेळी ‘आम्ही लहान उद्योजक आहोत, पगार थकले आहेत, कृपया सहकार्य करावं’ असं पत्र लिहून काही उपयोग होत नाही. ते वाचणाऱ्या माणसाला वाईट वाटतं, पण त्याच्या पडद्यावर बटणच नसतं. लिहावं ते असं:

‘माननीय महोदय, ऑर्डर क्रमांक अमुक, बिल क्रमांक तमुक, दिनांक 4 जून, रक्कम 1,30,980 रुपये. ठरलेली मुदत 4 जुलैला संपली आहे. बिल नगसंख्येच्या तफावतीमुळे थांबलं आहे का, हे कृपया कळवावं. 6 नग नापास झाल्याचं आम्हाला तोंडी समजलं आहे. तसं असल्यास तपासणी अहवाल पाठवावा. त्या 6 नगांची 1,309.80 रुपयांची क्रेडिट नोट आम्ही त्याच दिवशी देऊ, म्हणजे उरलेल्या रकमेचं काम पुढे सरकेल. आमची उद्यम नोंदणी क्रमांक अमुक आहे.’

शेवटचं वाक्य पुरेसं आहे. कायद्याचं कलम, व्याजाचा दर, काही लिहिलेलं नाही. लेखा विभागातल्या माणसाला उद्यम क्रमांक वाचून 45 दिवसांचं कॅलेंडर आठवतं. 19 जुलै ही तारीख तो स्वतः काढतो. हे पत्र कोरडं आहे. त्याचा कोरडेपणा इथे सौजन्य ठरतो, कारण वाचणाऱ्याला काय करायचं ते त्याने सोपं करून दिलं आहे.

स्टार्टअपकडे कागद जुळवणारी यंत्रणा बहुधा नसते. तिथे बिल अडतं ते खात्यात पैसे नसल्यामुळे, किंवा आहेत ते आधी पगाराला आणि सेलच्या आगाऊ रकमेला लागल्यामुळे. गुंतवणूकदाराचा पुढचा हप्ता यायचा आहे. फाउंडर संकोचलेला असतो, म्हणून तो फोन उचलत नाही. त्याला थेट कलम लावून नोटीस पाठवली तर तो वकिलाकडे जातो आणि नातं संपतं. ‘सवडीने बघा’ असं लिहिलं तर तो खरंच सवडीने बघतो. मधला रस्ता असा:

‘नमस्कार, 4 जूनच्या 40 डब्यांचे 1,29,800 रुपये यायचे आहेत, मुदत 4 जुलैची होती. पैसे यायला अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा. माझ्याकडे पत्र्याच्या व्यापाऱ्याला 20 तारखेला द्यायचे आहेत, म्हणून निदान निम्मे 18 पर्यंत हवेत. उरलेल्यांची तारीख तुम्ही सांगा, ती मी लिहून ठेवतो. पुढच्या 40 डब्यांचा पत्रा आणून ठेवला आहे. पहिला हप्ता आला की बेंडिंगला घेतो.’

याच्या प्रत्येक वाक्यात आपुलकी आहे आणि प्रत्येक वाक्यात तारीख किंवा रक्कमही आहे. स्वतःची अडचण सांगितली आहे, पण ती रड म्हणून नाही. 18 तारीख का, याचं कारण म्हणून. पुढचं काम थांबवल्याचंही सांगितलं आहे, फक्त ‘थांबवलं’ हा शब्द वापरलेला नाही. मोठ्या कंपनीला हीच वाक्यं लिहून भागणार नाही. तिथे तुमच्या व्यापाऱ्याची 20 तारीख कोणाच्याच कामाची नाही.

18 तारीख उलटली, उत्तर नाही, तर मग सूर बदलायचा. आणि इथे मोकळ्या नात्याचा एक मोठा फायदा हाती येतो. इतके दिवस नावाने ‘नमस्कार’ म्हणणाऱ्या माणसाचं पत्र लेटरहेडवर, पूर्ण नावाने, ‘महोदय’ अशा सुरुवातीने आलं की फाउंडरला पहिल्या ओळीतच कळतं. त्या पत्रात राग लिहायची गरज उरत नाही. बिल, मुदत, उद्यम क्रमांक, 2006चा कायदा आणि उत्तर मिळालं नाही तर राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करू, एवढं पुरतं. पण हा बदल एकदाच वापरता येतो. दर महिन्याला रागावून ‘महोदय’ आणि पैसे आले की पुन्हा ‘अरे’, असं केलं तर दोन्ही सूर बोथट होतात.

आता प्रश्न उरतो समोरची कंपनी या दोहोंतली कोणती, हे ओळखायचं कसं. नावावर जाऊ नये. आठशे माणसांची ‘स्टार्टअप’ आपला खरेदी विभाग राखून असते आणि तिथून व्हेंडर नोंदणीचा लांबलचक फॉर्म येतो; तिला मोठी कंपनीच समजावं. उलट कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या कितीतरी जुन्या कारखान्यांत मालक स्वतः फोन उचलतात आणि ऑर्डरवर सही त्यांचीच असते. तिथे माणूस एकच, पण वळण जुनं. ‘तुम्ही’चं ‘आपण’ होतं आणि पत्राआधी प्रत्यक्ष भेट अपेक्षित असते. उत्तर व्यक्तीच्या नावाच्या पत्त्यावरून येतं की विभागाच्या, मेलमध्ये प्रती किती जणांना आहेत, सहीखाली हुद्दा किती लांब आहे, यावरून अंदाज येतो. पहिल्या पत्रात थोडं औपचारिकतेकडे झुकावं आणि त्यांचं उत्तर ज्या सुरात येईल त्याच्या अर्धं पाऊल मागे राहावं. त्यांनी पहिलं नाव लिहिलं की आपणही लिहावं; त्यांनी मेल फक्त आद्याक्षरावर संपवला म्हणून आपण तसं करू नये.

मोठ्या कंपन्यांची वळणंही बदलतात. जर्मनीतल्या ओटो या जुन्या व्यापारी समूहाचे प्रमुख हान्स-ओटो श्राडर यांनी 2016 साली आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना, जर्मन रिवाज मोडून, आपल्याला एकेरी संबोधण्याची मुभा दिली. आपल्याकडे माहिती-तंत्रज्ञानाच्या मोठ्या कंपन्यांत अमेरिकी ग्राहकांमुळे पहिल्या नावाने हाक मारणं कधीच रुळलं आहे. पण त्याच कंपनीचा खरेदी विभाग पुरवठादाराशी लिहिताना ऑर्डर क्रमांकाशिवाय बोलत नाही. आतल्या माणसांनी एकमेकांना काय म्हणायचं याच्याशी बाहेरून येणाऱ्या पत्राचा फारसा संबंध नसतो.

सगळ्यांत नाजूक वेळ येते ती स्टार्टअप वाढते तेव्हा. फाउंडर एक दिवस सांगतो, ‘काका, आता आपल्याकडे पर्चेस मॅनेजर आला आहे, यापुढे त्याच्याशी बोला.’ पर्चेस मॅनेजर कुठल्यातरी मोठ्या कंपनीतून आलेला असतो, आणि त्याच्या दृष्टीने हे वर्कशॉप म्हणजे फाउंडरच्या ओळखीने घुसलेला पुरवठादार. काकांनी त्याला टाळून फाउंडरला फोन करत राहणं ही नेहमीची चूक आहे. त्याने ऑर्डर हळूहळू दुसरीकडे जातात. त्या आठवड्यातच नव्या माणसाला, फाउंडरला प्रत देऊन, पूर्ण औपचारिक पत्र लिहावं, अगदी पहिल्यांदाच ओळख होते आहे असं. जीएसटी आणि उद्यम प्रमाणपत्रं आता जोडावीत. चालू दर, प्रत्येक पार्टच्या ड्रॉइंगची सध्याची आवृत्ती, हातातल्या ऑर्डरी आणि येणं बाकी असलेली बिलं तारखांसह द्यावीत. व्हॉट्सॲपवर ठरलेली प्रत्येक गोष्टही त्यात यायला हवी, कारण ती त्याला दुसरीकडे कुठेच सापडणार नाही.